सात खुणा आणि एक पेटी: कोजागरीपर्यंतच्या नोंदी

9 सप्टेंबर 2025

ताईच्या दुकानात बसून पहिली बैठक झाली. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या काकांकडून हाताने रंगवलेल्या दशावतारी गंजिफेच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या गोल पत्त्यांच्या, पेट्या येणार आहेत. पहिल्या खेपेला चाळीस. दुकानाच्या पानावर आधी काही दिवस उत्सुकता वाढवणाऱ्या ओळी टाकायच्या आणि मग वस्तू दाखवायची, हे काम माझ्याकडे.

ताईने स्वतः लिहिलेला मजकूर दाखवला: ‘काहीतरी खास येतंय… ओळखा पाहू!’ असे पाच, थोडे थोडे बदलून. मी तिला एकच विचारलं, यातल्या कुठल्याही ओळीवरून ही वस्तू पैठणी नाही हे कळतं का? नाही कळत. साडी, लोणचं, नवीन शाखा, काहीही असू शकतं. वाचणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही, मग तो ओळखणार कशावरून?

म्हणून ठरलं ते असं. प्रत्येक ओळीत वस्तूबद्दलची एकच खरी गोष्ट सांगायची. ती ऐकल्यावर काही शक्यता बाद झाल्या पाहिजेत, आणि उत्तर कळल्यावर ती गोष्ट पुन्हा वाचली तर तंतोतंत जुळली पाहिजे. आमच्याकडे कोकणात कोड्याला हुमाण म्हणतात. आजी हुमाण घालायची तेव्हा उत्तर कळल्यावर प्रत्येक शब्द जागेवर बसलेला दिसायचा. तेच इथे हवं.

सुरुवात कधी करायची यावर ताई ठाम आहे: पितृपक्षात नव्या वस्तूचं नाव काढायचं नाही. मलाही ते सोयीचं आहे, तयारीला वेळ मिळतो. 22 तारखेला घटस्थापना, 6 ऑक्टोबरला कोजागरी. एक दिवसाआड ओळ टाकली तर सात खुणा होतात आणि आठवा दिवस थेट कोजागरीचा. रात्र जागवून खेळायचा सण आहे, यापेक्षा चांगला दिवस मिळणार नाही.

11 सप्टेंबर

काकांना फोन करून तासभर बोललो आणि वस्तूबद्दलच्या सगळ्या गोष्टी कागदावर उतरवल्या. पानं गोल. एकूण 120. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. राणी नाही. तिघांनी खेळायचा खेळ. दिवसा खेळायला बसलं तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा. दहापैकी पाच रंगांत राजा-प्रधानानंतर दहाचं पान मोठं, उरलेल्या पाचांत उलट, एक्का मोठा आणि दहा सगळ्यांत लहान.

मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट चिंचोक्याची होती. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पानं घडवत. ‘यात चिंचोका आहे’ ही खूण मी तिथेच मनात पक्की केली. खाण्याची वस्तू वाटावी आणि नंतर उलगडावी, अशी.

मग काकांनीच सांगितलं की या चाळीस पेट्यांची पानं जाड पुठ्ठ्याची आहेत, खळ वापरलेली नाही. म्हणजे खूण गेली. परंपरेत ती खरी आहे, पण जी पेटी गिऱ्हाईक घरी नेणार तिच्यात चिंचोका नाही. नंतर कुणी विचारलं, ‘चिंचोका कुठे आहे?’ तर उत्तर देता येणार नाही. यादीत लाल रेघ मारली. बाकी प्रत्येक गोष्ट काकांना पुन्हा विचारून ‘या पेटीत’ खरी आहे का ते तपासलं.

13 सप्टेंबर

आणखी दोन खुणा बाद केल्या, कारण वेगवेगळी.

पहिली बाबराची. त्याच्या आठवणींत 1527 सालची नोंद आहे की त्याने सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवली. लिहायला फार मोह होतो: ‘1527 मध्ये एका बादशहाने हीच वस्तू भेट पाठवली होती.’ पण साल, बादशहा आणि भेट असे तीन शब्द कुणी शोधायला टाकले की उत्तर समोर. त्यात विचार करण्याची जागाच उरत नाही. तेव्हापासून प्रत्येक खूण मी आधी स्वतः शोधून बघतो. पहिल्या पानावर गंजिफा आली तर ती खूण नाही, ते उत्तरच आहे. बाबराची गोष्ट उलगड्याच्या दिवसासाठी राखून ठेवली.

दुसरी: ‘एका बाजूला चित्रं वेगवेगळी, दुसरी बाजू सगळ्यांची सारखी.’ खरी आहे, शोधून सापडतही नाही. पण वाचताच कुणीही पत्ते म्हणेल. पहिल्याच झटक्यात सगळ्या शक्यता संपवणारी खूण शेवटीही ठेवता येत नाही, कारण शेवटी तरी वाचणाऱ्याने स्वतः जुळवायला हवं.

15 सप्टेंबर

आजचा दिवस सर्वनामांत गेला.

मराठीत वस्तू लपवणं अवघड आहे, क्रियापद चुगली करतं. ‘तो येतोय’ म्हटलं की खेळ, डबा, दिवा. ‘ती येतेय’ म्हटलं की साडी, पेटी, गंजिफा. ‘ते येताहेत’ म्हटलं की पत्ते किंवा दागिने. खूण द्यायच्या आधीच लिंग आणि वचन सांगून झालेलं असतं. दोन दिवसांपूर्वी लिहिलेल्या मसुद्यात एका ओळीत ‘ती’ होती आणि पुढच्या ओळीत ‘ते’. म्हणजे वस्तू एक आहे की अनेक याचाच गोंधळ.

शेवटी नियम केला. वस्तूला सर्वनाम द्यायचंच नाही, आणि द्यावंच लागलं तर ‘ही वस्तू’. मग पुढचं सगळं ‘वस्तू’ या शब्दाप्रमाणे स्त्रीलिंगी चालतं आणि त्यातून काही कळत नाही. जमेल तिथे वाक्य असं फिरवायचं की कर्ताच दुसरा असेल: ‘दोघांत जमत नाही.’ काय जमत नाही ते सांगितलेलंच नाही.

वचनाचं मात्र सुटेना. ‘एकही कोपरा नाही’ असं लिहिलं होतं, ते खोटं निघालं. पानं गोल आहेत, पण लाकडी पेटी चौकोनी आहे आणि तिला चांगले चार कोपरे आहेत. ‘आत जे आहे त्यातल्या एकालाही कोपरा नाही’ असं केलं की खरं होतं, पण ‘त्यातल्या एकालाही’ म्हटल्यावर आत पुष्कळ काही आहे हे उघड होतं. एका ओळीत दोन खुणा झाल्या. मी बराच वेळ त्याच्याशी झगडलो आणि मग सोडून दिलं. खोटं लिहिण्यापेक्षा थोडं जास्त सांगितलेलं बरं. पुढच्याच खुणेत आकडा येणार आहे, तेव्हा हे अनेकवचन तिची पायरी म्हणून चालेल.

17 सप्टेंबर

क्रमाची चाचणी. ओळखीतल्या नऊ जणांना बोलावलं. त्यांना खुणा एकेक करून वाचून दाखवायच्या आणि प्रत्येक खुणेनंतर त्यांनी आपला अंदाज कागदावर लिहायचा, एकमेकांचं न बघता.

माझा पहिला क्रम असा होता: तिघे, कोपरा नाही, दहा राजे, 120, आणि मग बाकीचे. तिसऱ्या खुणेलाच नऊपैकी आठ जणांनी ‘पत्ते’ लिहिलं आणि त्यानंतर कुणी अंदाज बदलला नाही. पुढच्या चार खुणा वाया. ‘राजा’ हा शब्द एवढा जड आहे हे कागदावर कळलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीला वेगळी माणसं घेतली, कारण पहिल्यांना आता उत्तर माहीत होतं. राजे सहाव्या जागी नेले, मधे आकडे आणि प्राणी घातले. आता तिसऱ्या खुणेनंतरही कागदांवर सात वेगवेगळी उत्तरं होती, पाचव्यानंतर तीन. हे मला हवं होतं: अंदाज हळूहळू एकत्र यावेत, एकदम कोसळू नयेत. खूण चालली की नाही हे ओळखायची माझी खूण हीच. आधीची आणि नंतरची वेगवेगळी उत्तरं मोजायची. कमी झाली नाहीत तर खूण पोकळ आहे, एकावर आली तर ती फार लवकर आली.

या फेरीतल्या एका मावशी मूळच्या कुडाळच्या. त्यांनी दुसऱ्याच खुणेला ‘गंजिफा’ लिहिलं. ज्यांनी लहानपणी ही पानं पाहिली आहेत त्यांच्यापासून ती लपवता येणार नाहीत, आणि लपवावीत असंही मला वाटत नाही. त्यांना ओळख पटली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

19 सप्टेंबर

सातही मजकूर पक्के. प्रत्येकाची पहिली ओळ म्हणजे खूण, कारण फोनवर पहिल्या दोनच ओळी दिसतात आणि बाकीचं उघडावं लागतं. दादाने प्रत्येक ओळ स्वतःच्या फोनवर टाकून कुठे तुटते ते पाहिलं. खुणेखाली एखादं साधं वाक्य, मग ‘सातपैकी 1’ असा क्रमांक आणि कोजागरीची तारीख.

चित्रात काहीच नाही, फक्त लाखेच्या लाल रंगाची चौकट आणि आकडा. दादाला पानाच्या कडेचा अगदी जवळून फोटो टाकायचा होता, सुंदर आला होता. पण तो फोटो म्हणजे आठवी खूण झाली असती, आणि तीही न मोजलेली. तो शेवटच्या दिवसासाठी ठेवला.

22 सप्टेंबर, घटस्थापना

पहिली खूण गेली.

‘दोघांत जमत नाही. तिसरा लागतो.
घरात तिघं आहात का? मोजून ठेवा.
सातपैकी 1. उलगडा कोजागरीच्या रात्री.’

अंदाज: तिपाई, झोपाळा, पाळणा, चुलीचे तीन दगड, सारीपाट. चुलीच्या दगडांचं उत्तर मला फार आवडलं, मी त्याचा विचारही केला नव्हता.

उत्तरांना काय लिहायचं हे आधी ठरवलं नव्हतं, ते आज ठरवावं लागलं. ताई चुकीच्या उत्तरांना ‘नाही हो’ असं लिहीत सुटली होती. मी थांबवलं. चुकीच्यांना ‘नाही’ म्हणत गेलो आणि बरोबर उत्तराला गप्प बसलो तर ती शांतताच उत्तर सांगते. आणि बरोबर उत्तराला ‘नाही’ म्हणणं म्हणजे खोटं बोलणं. त्यामुळे सगळ्यांना एकच ओळ: ‘टिपून ठेवलं, 6 तारखेला बघू.’ कुणाचंही उत्तर पुसायचं नाही.

24 सप्टेंबर

‘आत जे आहे, त्यातल्या एकालाही कोपरा नाही.
सातपैकी 2.’

आज गडबड झाली. पोस्ट टाकताना ठिकाणाच्या जागी सावंतवाडी निवडलं गेलं, कारण दादा तिथून पेट्यांचे फोटो काढून नुकताच आला होता आणि फोनने तेच आधी सुचवलं. लक्षात येईपर्यंत दोन तास गेले होते. ठिकाण काढलं, पण तोवर अर्ध्या लोकांनी ‘लाकडी फळं’ लिहून टाकलं होतं. सावंतवाडी आणि गोल म्हटल्यावर लाकडी आंबे, सीताफळं, केळ्यांची परडी डोळ्यांपुढे येणारच. अंदाज चांगला आहे, पण तो आमच्या खुणेवरून आलेला नाही, आमच्या चुकीवरून आलेला आहे.

काय करायचं? मी एक दिवस थांबून दुरुस्ती लिहायचा विचार केला. मग वाटलं, ठिकाण खरंच आहे, आम्ही कुणाला खोटं सांगितलेलं नाही. पुढच्या खुणेतला आकडा फळांच्या परडीत बसत नाही. तेवढं पुरे. इथून पुढे पोस्ट टाकण्याआधी मजकूर, चित्र, ठिकाण आणि जोडलेले शब्द या चारही गोष्टी दोघांनी बघायच्या.

26 सप्टेंबर

‘मोजून 120. एक हरवलं तर उरलेल्या 119 ना अर्थ नाही.
सातपैकी 3.’

फळं मागे पडली. एका आजोबांनी लिहिलं, ‘जपमाळ म्हणणार होतो, पण ती 108 ची.’ हे वाचून बरं वाटलं. खूण नेमकी तेच काम करतेय, माणूस स्वतःच शक्यता तपासून बाजूला ठेवतोय.

28 सप्टेंबर

‘इथे अर्ध्या ठिकाणी एक हा दहापेक्षा मोठा असतो.
उरलेल्या अर्ध्या ठिकाणी नाही.
सातपैकी 4.’

या ओळीचं सगळं वजन ‘अर्ध्या’ या शब्दावर आहे. पहिल्या मसुद्यात ‘इथे एक हा दहापेक्षा मोठा’ एवढंच होतं. ते साध्या बावन्न पत्त्यांनाही लागू पडतं, तिथे एक्का चारही रंगांत मोठाच असतो. म्हणजे ती ओळ आमच्या वस्तूकडे न नेता शेजारच्या वस्तूकडे नेत होती. आणि आमच्या वस्तूबद्दल ती अर्धी खोटीही होती. ‘अर्ध्या ठिकाणी’ घातल्यावर बावन्न पत्ते बाहेर पडले आणि गंजिफेची सगळ्यांत अजब गोष्ट आत आली.

आज उत्तरं सगळ्यांत कमी आली, पण लांब लांब. कुणी अपूर्णांकांचा खेळ म्हणालं, कुणी वजनकाटा. ही खूण अवघड आहे हे मान्य. मधे एखादी अशी असावी, ती नंतर आठवते.

30 सप्टेंबर

‘माशापासून सुरू होतं, घोड्यापाशी संपतं.
सातपैकी 5.’

मत्स्य ते कल्की. ज्यांना दशावताराचा क्रम पाठ आहे त्यांना लगेच उमगलं, आणि सिंधुदुर्गातल्या दोघांनी दशावतारी नाटकाचे मुखवटे असा अंदाज केला. घोड्यामुळे बुद्धिबळही आलं, पण मासा कुठून आणायचा म्हणून लिहिणाऱ्यानेच ते मागे घेतलं. पाच जणांनी नाव घेऊन ‘गंजिफा’ लिहिलं. ‘टिपून ठेवलं, 6 तारखेला बघू.’

2 ऑक्टोबर, दसरा

‘दहा राजे आहेत. राणी एकही नाही.
सातपैकी 6.’

चाचणीत जे तिसऱ्या खुणेला झालं होतं ते आज झालं, पण आता योग्य वेळी. बहुतेकांनी पत्ते धरले आणि मग मागे जाऊन आधीच्या खुणा ताडून पाहायला लागले. गोल पत्ते कसे? 120 कसे? अंदाज बरोबर दिशेला आणि प्रश्न अजून शिल्लक, याहून जास्त मला काही नको होतं.

4 ऑक्टोबर

‘दिवसा बसलात तर एक राजा सुरुवात करतो, रात्री बसलात तर दुसरा.
सातपैकी 7. परवा रात्री भेटू.’

राम आणि कृष्ण ही नावं मुद्दाम लिहिली नाहीत. लिहिली असती तर ती दोन वेगळ्या खुणा झाल्या असत्या, आणि उलगड्याची ओळ लिहायला काही उरलं नसतं.

6 ऑक्टोबर, कोजागरी

रात्री साडेनऊला, दूध चुलीवर असताना, पोस्ट गेली.

‘आज कोजागरी. रात्र आहे, म्हणून कृष्णाचा राजा सुरुवात करेल.
सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, 120 गोल पानं, हाताने रंगवलेली. मराठीत नियमांची पुस्तिका सोबत.’

खाली किंमत आणि किती पेट्या आहेत तो आकडा स्पष्ट लिहिला. पंधरा दिवस थांबलेल्या माणसाला ‘किंमत विचारा’ असं सांगायचं नाही हे आधीच ठरलं होतं.

पहिलं चित्र कृष्णाच्या राजाचं. पुढे सात चित्रं, प्रत्येकावर जुनी खूण जशीच्या तशी आणि तिच्याखाली तिचा पुरावा: तिघांच्या हातातली पानं, पानाची गोल कड (दादाचा तो फोटो), पंगतीने मांडलेली 120, मत्स्य आणि कल्कीचे राजे शेजारी शेजारी. चौथ्या खुणेसाठी दोन रंगांची पानं उतरत्या क्रमाने लावून दाखवली, म्हणजे उलटा क्रम न सांगता दिसतो. शेवटी बाबराची ओळ.

ज्यांनी आधी बरोबर ओळखलं होतं त्यांच्या त्या त्या उत्तराखाली आम्ही तिघांनी बसून लिहिलं, ‘तुम्ही 24 तारखेलाच ओळखलं होतंत’, ‘तुम्ही 30 तारखेला’. सगळ्यांना एकच उत्तर देऊन थांबवलं होतं, त्याचं देणं आज फेडलं.

एकीने विचारलं, घरी आम्ही दोघंच आहोत, घेऊ का? पहिली खूण आठवली. पुस्तिकेतला खेळ तिघांचाच आहे असं ताईने सरळ लिहिलं. विक्री गेली तरी चालेल, खूण मोडायची नाही. तासाभराने त्यांचं उत्तर आलं की शेजारच्या काकूंना बोलावू, एक पेटी ठेवा.

8 ऑक्टोबर

पेट्या बांधायला घेतल्या. ताई म्हणाली, आपण ‘मोजून 120’ असं लिहिलंय, तर प्रत्येक पेटी मोजूनच द्यायची. रंगाप्रमाणे बारा-बाराच्या दहा चळती लावून पाहिल्या, नुसती मोजण्यापेक्षा ते सोपं पडतं आणि काय कमी आहे तेही कळतं. सव्विसाव्या पेटीत वराहाच्या चळतीत अकराच पानं निघाली. प्रधान नव्हता.

काकांना फोन केला. ते काही क्षण गप्प राहिले, मग म्हणाले की तो सुकायला वेगळा ठेवला होता, खिडकीत असेल. तिथेच सापडला. टपालाने यायला चार दिवस. ती पेटी ज्यांच्या नावावर आहे त्यांना ताईने कळवलं की तुमची पेटी थोडी उशिरा येईल, सध्या तिच्यात 119 आहेत.

त्यांनी लिहिलं: ‘मग अर्थ नाही. थांबते.’